बाथरूमच्या भिंतीतली गळती, मालकांना लिहिलेलं पत्र आणि पुढचं काम : रत्नागिरी, 2024 च्या नोंदी

21 जुलै

बेडरूमच्या आतल्या भिंतीवर, म्हणजे जिच्यामागे बाथरूम आहे तिच्यावर, फरशीपासून दोन-अडीच फुटांवर ओलीचा डाग दिसला. रंग फुगलाय आणि बोट लावलं की पांढरी भुकटी पडते. काकांना (आमचे घरमालक, डोंबिवलीला असतात) फोटो पाठवला, त्यांचं उत्तर लगेच आलं, "अगं, कोकणात पावसात भिंती ओल्या होणारच, दिवाळीनंतर बघू."

त्यांचंही अगदी चूक नाही. आमची बिल्डिंग चिऱ्याची आहे, म्हणजे पिलर-स्लॅब काँक्रीटचे आणि भिंती जांभ्याच्या, आणि जांभा भोकाभोकांचा असल्याने पाणी पितोच. पण पावसाची ओल बाहेरच्या भिंतीला आधी यायला हवी, आमची बाहेरची भिंत त्यामानाने कोरडी आहे आणि ओल आली ती घराच्या मधल्या भिंतीला. मनात शंका आली ती इथेच. कोकणात भाड्याने राहणाऱ्या बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते, गळती पाइपची आहे हे पावसाळ्यात कोणाला पटतच नाही, म्हणून सगळं तारीखवार लिहून ठेवतेय.

28 जुलै

काकांनी ओळखीचा माणूस पाठवला. त्याने टाइलच्या सांध्यांतलं जुनं व्हाइट सिमेंट खरवडून नवीन ग्राउट भरलं, आणि बेडरूमच्या बाजूने वॉटरप्रूफ रंगाचा हात मारला. 2800 रुपये झाले, काकांनी दिले. आम्ही एक दिवस बाथरूम कोरडं ठेवलं, आंघोळीला शेजारी गेलो.

3 ऑगस्ट

आठवडाही झाला नाही आणि नवीन रंगाखाली फोड आलेत, एक फोडला तर आतून पाणी आलं. डाग आता वीतभर खाली आणि स्विचबोर्डाच्या दिशेने सरकलाय. खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या त्यांच्या बाथरूमच्या छतालाही कोपऱ्यात डाग आहे.

ग्राउटने काही झालं नाही यातूनही एक गोष्ट कळते. पाणी टाइलच्या सांध्यातून किंवा नहाणी ट्रॅपमधून जात असतं तर ज्या दिवशी आंघोळी झाल्या नाहीत त्या दिवशी डाग थोडा तरी थांबला असता. तो थांबला नाही, म्हणजे पाणी वापरा किंवा नका वापरू ते येतंच आहे. सांडपाण्याची लाइन वापरल्यावरच गळते, प्रेशरची लाइन चोवीस तास गळते.

बेडरूमच्या त्या बोर्डाचा एमसीबी पाडून ठेवला आहे. मोबाइल चार्जिंग हॉलमध्ये.

4 ऑगस्ट

प्लास्टिकची टेस्ट केली. जाड पारदर्शक प्लास्टिकचा फूटभराचा तुकडा डागाच्या कडेला चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवला आणि रात्रभर ठेवला. सकाळी पाण्याचे थेंब आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे होते, बाहेरून प्लास्टिक कोरडं. हवेतल्या दमटपणाने भिंत ओली होत असती तर थेंब बाहेरून धरले असते. ओल्या भिंतीवर टेप चिकटत नाही, तेव्हा आधी कापडाने पुसून हेअर ड्रायर फिरवावा लागतो.

गिझर तासभर चालू ठेवून टाइल कोमट लागते का तेही बघितलं, कोणीतरी सांगितलं होतं म्हणून. काही कळलं नाही. गळती इतकी हळू असेल तर गरम पाणी भिंतीत तिथवर पोचेपर्यंत थंडच होत असणार, त्यामुळे टाइल कोमट नाही म्हणून गरम पाण्याची लाइन चांगली असा अर्थ काढू नका.

8 ते 10 ऑगस्ट

सगळ्यात कामाची गोष्ट ही, जरा सविस्तर लिहिते. आमच्याकडे मीटर प्रत्येक फ्लॅटला नाही, पण गच्चीवर प्रत्येकाची वेगळी 500 लिटरची काळी टाकी आहे. मग टाकीच मीटर म्हणून वापरली.

आतून टाकीचा व्यास मोजला, 84 सेंटीमीटर भरला. अर्धा 42, त्याचा वर्ग गुणिले 3.14 म्हणजे साधारण 5540 चौरस सेंटीमीटर, याचा अर्थ पाणी 1 सेंटीमीटर उतरलं की साडेपाच लिटर गेलं. टाकीच्या काठावर मार्करने एक खूण केली आणि दर वेळी त्याच खुणेवरून स्टीलची पट्टी सरळ खाली सोडून पाण्यापर्यंतचं अंतर घेतलं. खूण नसेल तर पट्टी थोडी तिरकी होते आणि सगळा हिशोब वाया जातो.

मोजण्याआधी घरातले सगळे नळ बंद, फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक बंद (फ्लश आतल्या आत गळत असतो आणि तो दिसत नाही), फिल्टरचा कॉक बंद, आणि वर गच्चीत टाकीत येणारं पाणीही कॉकने बंद, नाहीतर बॉल कॉक उतरला की टाकी भरून घेते आणि आकडा खोटा येतो. पाऊस होता म्हणून झाकण नीट बसवलं, मोजताना यांनी वर छत्री धरली.

पहिल्या रात्री साडेदहा ते पहाटे साडेपाच, सात तासांत पाणी 3 सेंटीमीटर उतरलं. म्हणजे साडेसोळा लिटर, तासाला 2 लिटर 350 मिलीच्या आसपास, दिवसाला 56-57 लिटर. एवढं पाणी रोज भिंतीत जातंय.

दुसऱ्या रात्री सगळं तसंच, फक्त गिझरचं बटण बंद करून गिझरला येणारा अँगल कॉक बंद केला. हा कॉक बंद केला की गिझरच्या पुढच्या गरम लाइनमध्ये प्रेशर राहत नाही. सकाळी पट्टीवर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा फरक, तो माझ्या डोळ्यांचाही असू शकतो. तिसऱ्या रात्री कॉक परत उघडला, परत 3 सेंटीमीटर. उघडला की गळतं, बंद केला की थांबतं, तेव्हा योगायोग नाही. गिझर स्वतः गळत नाही हे बघायला खाली कोरडी बादली ठेवली होती, ती कोरडीच राहिली.

गळती गरम पाण्याच्या भिंतीतल्या लाइनमध्ये आहे.

12 ऑगस्ट

हातपंप असलेला प्लंबर शोधायला वेळ गेला, गणपतीच्या आधी सगळे चाकरमान्यांची घरं उघडून देण्यात अडकलेले असतात. शेवटी एक दादा आले. त्यांनी गरम-थंड पाण्याचा मिक्सर नळ काढला, गिझरची जोडणी सोडली, बेसिनचा गरम नळ काढला, सगळी तोंडं प्लग लावून बंद केली आणि पंपाने 5 किलो प्रेशर भरलं. लाइन जुनी आहे म्हणून यापेक्षा जास्त नको म्हणाले. टाकीचं प्रेशर आमच्या मजल्यावर एक किलोही नसतं, तेव्हा 5 पुरेसं आहे.

थंड लाइनचा काटा अर्धा तास हलला नाही. गरम लाइनचा काटा दहा मिनिटांत 5 वरून 2 वर आला. मिक्सरच्या गरम बाजूचा गोल फ्लँज काढून आत टॉर्च मारली तर टाइलच्या मागे, पाइप वळवणाऱ्या जोडाच्या म्हणजे एल्बोच्या तोंडाशी पाण्याची बारीक रेघ खाली जाताना दिसत होती आणि आजूबाजूचा गंज तांबूस. काट्याचा आणि त्या रेघेचा व्हिडिओ काढला. दादा म्हणाले, "ताई, ग्राउटने हे कधीच थांबणार नव्हतं." टेस्टचे 800 रुपये मी दिले आणि पावती घेतली.

जाताना गिझरचा कॉक बंद ठेवायला सांगून गेले. तेव्हापासून आंघोळीचं पाणी गॅसवर.

14 ऑगस्ट : पत्र

फोनवर सगळं बोलून झालं होतं, पण फोनवरचं पाऊस आणि दिवाळी यातच जातं, म्हणून लिहायचं ठरवलं. यांचं म्हणणं वकिलाकडून नोटीस जाऊ दे. मला ते नको होतं, काका माणूस चांगला आहे, त्यांना फक्त विश्वास बसत नाहीये.

कायद्याचं एक सांगते कारण यात बऱ्याच जणांचा घोळ होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 14 मध्ये मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने किमान 15 दिवसांची नोटीस देऊन स्वतः करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत, अशी सोय आहे. पण आमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे आणि तशा करारावर राहणारा या कलमातला भाडेकरू धरला जात नाही. म्हणून ते कलम पत्रात टाकलं नाही, आमच्या करारातलं कलम टाकलं. तुमचा करार कुठला आहे ते आधी काढून वाचा.

पत्र जसंच्या तसं देते.

> रत्नागिरी, 14 ऑगस्ट 2024
>
> ती. काकांस सा. न.
>
> विषय : बाथरूमच्या भिंतीतल्या गरम पाण्याच्या पाइपची गळती आणि दुरुस्तीबद्दल
>
> 21 जुलैपासून बेडरूम आणि बाथरूमच्या मधल्या भिंतीला ओल आहे हे तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. तुम्ही 28 जुलैला ग्राउटिंग आणि रंग करून दिलात, पण 3 ऑगस्टला ओल परत आली आणि वाढली. ही ओल पावसाची नाही, गरम पाण्याच्या भिंतीतल्या लाइनमधली गळती आहे असं आता नक्की झालं आहे. कशावरून ते खाली लिहिते.
>
> ओल आतल्या भिंतीला आहे, बाहेरची भिंत कोरडी आहे. घरातले सगळे नळ आणि फ्लशचा कॉक बंद करून गच्चीवरच्या आपल्या टाकीचं पाणी मोजलं तेव्हा सात तासांत 3 सेंटीमीटर, म्हणजे सुमारे साडेसोळा लिटर पाणी कमी झालं. गिझरला येणारा कॉक बंद करून तेवढाच वेळ मोजलं तेव्हा पाणी कमी झालं नाही. कॉक उघडल्यावर परत तेवढंच कमी झालं. 12 ऑगस्टला प्लंबरने 5 किलो प्रेशरची टेस्ट केली, थंड लाइन अर्धा तास टिकली, गरम लाइनचं प्रेशर दहा मिनिटांत 2 किलोवर आलं. मिक्सरच्या गरम बाजूच्या एल्बोपाशी पाणी येताना दिसतं. फोटो, व्हिडिओ, टाकीचे आकडे आणि पावती सोबत पाठवली आहे.
>
> गळती टाइलच्या मागे आहे, बाहेरच्या नळात किंवा मिक्सरमध्ये नाही, त्यामुळे वॉशर बदलून किंवा परत ग्राउट करून ती थांबणार नाही.
>
> सध्या मी गिझरचा कॉक बंद ठेवला आहे त्यामुळे नवीन पाणी भिंतीत जात नाही, पण आमच्याकडे गरम पाणीही नाही. ही तात्पुरती व्यवस्था आहे, दुरुस्ती नाही. ओल बेडरूमच्या स्विचबोर्डापर्यंत आली आहे म्हणून त्या बोर्डाची वीज बंद ठेवली आहे, तो इलेक्ट्रिशियनकडून तपासल्याशिवाय सुरू करणार नाही. खालच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या छतालाही डाग आला आहे.
>
> प्लंबरने दोन मार्ग सांगितले आहेत. एक, मिक्सरच्या मागच्या टाइल काढून एल्बो आणि निपल बदलणे, प्लास्टर आणि टाइलसकट अंदाजे 6500 रुपये. दुसरा, भिंतीतली गरम लाइन कायमची बंद करून गिझरपासून मिक्सरपर्यंत वरून उघडी नवीन लाइन टाकणे, अंदाजे 5200 रुपये. दुसऱ्यात तोडफोड कमी आणि पुढे गळलं तर लगेच दिसेल, पण पाइप दिसत राहील. कोणता करायचा आणि कोणाकडून करायचा हे तुम्ही ठरवा, माझी हरकत नाही. फक्त नवीन जोड झाल्यावर टाइल लावण्याआधी परत प्रेशर टेस्ट करावी ही विनंती.
>
> आपल्या कराराच्या कलम 8 प्रमाणे भिंतीतली पाइपलाइन आणि बांधकामाची दुरुस्ती मालकांकडे आहे आणि नळ, बल्ब अशी किरकोळ दुरुस्ती माझ्याकडे. तेव्हा हे काम पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत सुरू करावं ही विनंती. टेस्टचे 800 रुपये मी दिले आहेत, तेही यात धरावेत.
>
> शनिवारी-रविवारी आम्ही दिवसभर घरी असतो, इतर दिवशी आदल्या संध्याकाळी कळवलं तर कोणीतरी थांबेल.
>
> आपली,
> (सही)

व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आणि तेच पत्र स्पीड पोस्टने, पोचपावती जपून ठेवली. भाडं नेहमीच्या तारखेला भरलं, ते अडवून ठेवायचा विचार केला नाही, करारात तसं कुठेही नाही आणि मग सगळं बोलणं भाड्यावरच येतं.

18 ऑगस्ट

काकांचा फोन. व्हिडिओ तीनदा बघितला म्हणाले. त्यांना सगळ्यात जास्त पटलं ते टाकीचं, कॉक बंद केला की थांबतं हे. पहिला मार्ग निवडला, उघडा पाइप काकूंना नको. रविवारी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीच्या गडबडीत स्वतः फोन करून प्लंबरदादांशी बोलले.

24 ऑगस्ट

मिक्सरभोवतीच्या सहा टाइल काढल्या, दोन शाबूत निघाल्या, चार फुटल्या. आत कारण दिसलं. बांधताना गरम बाजूचा एल्बो टाइलच्या तोंडापासून इंचभर जास्त आत बसला होता, मिक्सरचा लेग पोचेना म्हणून मध्ये जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, एक्स्टेंशन निपल घातला होता. एल्बो सीपीव्हीसी प्लास्टिकचा, त्याच्यात पितळी आटे, आणि त्या पितळात लोखंड. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना लागून असले की जस्ताचा मुलामा आधी जातो आणि मग लोखंड गंजतं. निपलचे आटे इतके खाल्ले गेले होते की पान्याने फिरवताना अर्धा हातात आला आणि अर्धा पितळात अडकून राहिला. थंड बाजूलाही तसाच निपल, गंजलेला, अजून गळत नव्हता इतकंच. बेसिनच्या गरम नळाच्या मागे मात्र पितळी निपल होता आणि तो ठणठणीत.

काकांना फोटो पाठवून दोन्ही बाजू बदलायचं ठरलं. भिंत उघडलीच आहे तर थंड बाजू सोडून द्यायला नको.

25 ऑगस्ट

गडबड झाली. दोन्ही नवे एल्बो सोल्युशन लावून बसवले, निपल पितळी, आट्यांना टेफ्लॉन, थंड बाजूने टेस्ट पास पण गरम बाजूचा नवा जोड 3 किलोलाच पाझरायला लागला. दादांनी सांगितलं की पाइपमध्ये वरून पाण्याचा थेंब थेंब येत होता आणि ओल्या पाइपवर सोल्युशन पकडत नाही. जोड कापून टाकावा लागला आणि तेवढी लांबी भरायला एक कपलर जास्त घालावा लागला. या वेळी गिझरची बाजू पूर्ण सोडून लाइन फुंकून रिकामी केली, पाइपचं टोक कोरड्या कापडाने पुसलं, हेअर ड्रायर फिरवला आणि मगच सोल्युशन. पावसाळी हवेत सोल्युशन सुकायला वेळ जास्त लागतो म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीच सोडायचं नाही.

26 ऑगस्ट

5 किलो, तासभर, काटा जागच्या जागी. काकांना व्हिडिओ कॉल करून काटा दाखवला, मग गवंड्याला प्लास्टर करायला सांगितलं.

29 ऑगस्ट

टाइल लागल्या. तसलाच रंग मिळाला नाही, जवळचा फिकट घेतला. एकूण 7400 झाले, वाढीव 900 थंड बाजू आणि कापलेल्या जोडाचे. टेस्टचे 800 वेगळे, ते काकांनी पाठवले. रात्री बाकी सगळं आधीसारखंच बंद करून, फक्त गिझरचा कॉक उघडा ठेवून टाकी परत मोजली, सात तासांत फरक शून्य.

इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला, आत ओल होती आणि एका सॉकेटचे स्क्रू हिरवे पडलेले. सॉकेट बदललं, बोर्ड आठवडाभर उघडा सुकवून मग जोडायचा असं ठरलं.

6 ऑक्टोबर

भिंत अजून सुकतेय. चिऱ्यात भरलेलं पाणी एका आठवड्यात जात नाही. डाग वाढत नाही, कडा आत येतायत, खार मात्र अजून सुटतो, तो कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने पुसायचा नाही, पुसला तर मीठ परत भिंतीत जातं. फुगलेला रंग आणि सुटलेलं प्लास्टर खरवडून भिंत उघडी ठेवली आहे म्हणजे ऑक्टोबर हीटचा उपयोग होईल. काका लगेच रंग मारून घेऊ म्हणत होते, त्यांना थांबायला सांगितलं.

10 नोव्हेंबर

त्याच जागी परत प्लास्टिक चिकटवून बघितलं, रात्रभर ठेवून दोन्ही बाजू कोरड्या. उद्यापासून पुट्टी आणि रंग. खालच्या वहिनींच्या छताचा कोपरा त्याच रंगाऱ्याकडून करून घ्यायला काका तयार झालेत, त्याचं माप घेऊन त्यांना आज पाठवलं.